आखाजीच्या आठवड्यात बिलांची आठवण बंद ठेवू का? मालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घाऊक व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि वसुलीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, दोन-तीन दिवस आधी फोन सुरू होतात, "भाऊ, ते बिलाचे मेसेज आठवडाभर बंद करून टाका." मागणी साधी वाटते आणि बटणही एकच आहे. पण त्या बटणाने काय होतं हे मी एकदा स्वतः दाबून पाहिलंय. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहितोय.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच दुकान घेतलंय. जळगावात पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या सामानाचा घाऊक व्यापार, गिऱ्हाईक म्हणजे चोपडा, अमळनेर, रावेर, शिरपूर, शहादा इथली कृषी केंद्रं आणि पाइपवाले. उधारी 30 दिवसांची. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

सणावारात कोणाला पैसे कसे मागायचे? बरं दिसतं का ते?

ही भावना खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, घरात सांजोऱ्या तळल्या जातायत, आणि त्यात फोनवर टिंग वाजून 48,000 रुपयांची आठवण येते. दोन दिवस ती आली नाही तर काहीही बिघडत नाही. ते दोन दिवस कसे सोडायचे हे पुढे सांगतोच.

पण आपल्या भागात आखाजी ही हिशोबाचीही वेळ आहे, हे आपण विसरतो. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. रब्बीचा गहू-हरभरा विकून झालेला असतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो आणि त्यातला काही कृषी केंद्राच्या गल्ल्यात आलेला असतो. त्यानंतर लगेच कृषी केंद्रवाला खरिपाच्या तयारीला लागतो. बियाणं, खतं यांच्या उचलीसाठी त्याला कंपन्यांकडे पैसे भरावे लागतात. म्हणजे तुमच्या पाइपाचे पैसे द्यायला त्याच्याकडे जो मोकळा काळ असतो, तो नेमका आखाजीच्या आगेमागेच असतो. त्या आठवड्यात तुम्ही गप्प बसलात, तर पुढच्या आठवड्यात तुमचा नंबर खत-बियाण्याच्या मागे लागतो. तो पैसे बुडवत नाही. "आखाजी व्हई जाऊ द्या भाऊ, मंग देसू," असं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तसंच असतं. फक्त आखाजी होऊन गेल्यावर गल्ला रिकामा असतो.

एक आठवडा बंद, मग परत चालू. त्यात अडकतं काय?

आठवणीचे मेसेज पाठवायचं काम सॉफ्टवेअर रोज सकाळी 10 वाजता आपोआप चालवतं, आणि ते काम तीन प्रकारची बिलं शोधतं. देय तारखेला तीन दिवस उरलेली, आज देय असलेली आणि देय तारीख जाऊन सात दिवस झालेली. त्या-त्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, सोबत बिलाची पीडीएफ.

तुम्ही बटण दाबून मेसेज थांबवता. बिलांच्या तारखा थांबत नाहीत. आपल्या दुकानात रोज साधारण 12 बिलं देय होतात आणि सरासरी बिल 50,000 चं, म्हणजे रोज 6 लाख. सात दिवसांत 84 बिलं आणि 42 लाख रुपये देय तारीख ओलांडून जातात, आणि त्या आठवड्यात समोरच्याला तुमच्याकडून एक शब्दही गेलेला नसतो.

परत चालू केल्यावर काय होणार, हे ते काम कसं लिहिलंय यावर ठरतं. इथे दोनच शक्यता असतात आणि मालकाने आपल्याकडे कोणती आहे हे विचारून ठेवलं पाहिजे. पैसे न आलेल्या बिलांतून निवड करणारी पहिली अट अशी:

```sql
WHERE due_date = CURRENT_DATE - 7
```

यात बरोबर सातवा दिवस असेल तरच बिल सापडतं. काम बंद असताना ज्या बिलांचा सातवा दिवस येऊन गेला, ती या यादीत पुन्हा कधीच येत नाहीत. सगळं सुरळीत दिसतं, मेसेज जात राहतात, पण मधल्या आठवड्याची बिलं कोणाच्याच नजरेत राहत नाहीत. तीन आठवड्यांनी कोणीतरी टॅलीत येण्यांची यादी काढतं तेव्हा सापडतात. दुसरी शक्यता:

```sql
WHERE due_date <= CURRENT_DATE - 7
  AND reminder_7_sent_at IS NULL
```

यात काही सुटत नाही, पण पहिल्याच सकाळी सगळं एकदम बाहेर पडतं. रोज 30 मेसेज जायचे, त्या दिवशी आठवड्याचे राहिलेले 210 आणि त्या दिवसाचे 30, असे 240 जातात. दुसरी पद्धत जास्त चांगली आहे यात शंका नाही, मीही तीच वापरतो. पण तुम्हाला भोवतो तो हा लोंढाच, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

सर्व्हर बंद पडल्यावर काय होतं, असंही कोणी विचारतं. ठरल्या वेळी काम चालवणारा सर्व्हरवरचा साधा क्रॉन चुकलेल्या वेळा भरून काढत नाही. त्याऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरला आणि त्याला `Persistent=true` दिलेलं असेल, तर सर्व्हर चालू झाल्यावर ते काम लगेच चालतं, पण एकदाच. सात दिवस चुकले म्हणून सात वेळा नाही.

240 मेसेज गेले तर गेले. मशीन पाठवतंय, त्याला काय कष्ट?

मशीनला दोन मिनिटं लागतात. कष्ट पडतात ते उत्तरं सांभाळणाऱ्या माणसाला. माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

मेसेज गेला की सगळेच गुपचूप पैसे भरत नाहीत. साधारण तिघांतला एक जण काहीतरी उत्तर देतो. "बिलाची कॉपी परत टाका." "63 एमएमचे दोन बंडल कमी आले होते, त्याचं क्रेडिट नोट कुठाय?" "काल आरटीजीएस केलंय, बघा." "जीएसटी नंबर जुना टाकलाय." प्रत्येक उत्तरामागे कोणाला तरी खातं उघडून बघावं लागतं, गोडाऊनला फोन करावा लागतो, ट्रकवाल्याची पावती शोधावी लागते. सरासरी दहा मिनिटं धरा. रोज 30 मेसेज, 10 उत्तरं, म्हणजे 100 मिनिटांचं काम.

आता तुमच्या ऑफिसातल्या हिशोब बघणाऱ्या ताई. बिलिंग, बँक, जीएसटी सांभाळून त्यांच्याकडे वसुलीच्या उत्तरांसाठी दिवसाला अडीच तास, म्हणजे 150 मिनिटं असतात. रोजचं काम 100 मिनिटांचं. उरतात 50.

आठवडाभर बंद ठेवल्यावर 700 मिनिटांचं काम साचतं. मालक म्हणतात, "अडीच तास रोज आहेत, पाच दिवसांत उरकेल." इथेच गणित चुकतं. चालू केल्यापासून रोजची नवी 100 मिनिटं येतच असतात. साचलेलं काम फक्त उरलेल्या 50 मिनिटांतूनच निघतं. 700 भागिले 50, म्हणजे 14 कामाचे दिवस. रविवार धरले तर सव्वादोन आठवड्यांच्या वर. सात दिवस बंद ठेवलेलं काम पूर्वपदावर यायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

पाटाचं पाणी डोळ्यासमोर आणा. चारी तुंबली की तुंबलेलं पाणी काढताना मागून येणारं थांबत नाही. चारीची रोजच्या पाण्यापेक्षा जितकी जास्त ताकद असेल, तितकंच तुंबलेलं पाणी हटतं. ताईंकडे 150 ऐवजी 110 मिनिटं असती, तर उरतात फक्त 10, आणि तेच काम 70 दिवस चाललं असतं. आणि 100 च असती, तर ते कधीच निघालं नसतं. म्हणून मालकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमच्या माणसाकडे रोज किती वेळ उरतो?

पण बंदच्या आठवड्यात ताई मोकळ्याच होत्या ना? तो वेळ वाचला की.

वाचला, पण साठवता आला नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ताईही सुट्टीवर असतात, म्हणूनच तर बंद करायला सांगितलेलं असतं. बंद करणार असालच तर त्या आठवड्यात त्यांच्याकडून खात्यांची जुळवणी आणि राहिलेल्या क्रेडिट नोटा उरकून घ्या. त्याने नंतरची उत्तरं दहाऐवजी पाच-सहा मिनिटांवर येतात आणि ते फार मोठं काम होतं.

तुम्ही स्वतः बटण दाबलं होतं म्हणता. काय झालं होतं?

एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून आखाजीच्या आधी बंद केलं आणि बरोबर आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, चालू केलं. चूक माझी होती. नुसतं चालू करून मी दुसऱ्या कामाला लागलो.

साडेदहापर्यंत चोपड्याच्या एका दुकानदाराला पाच मेसेज पोचले होते. त्यातला एक असा होता: "आपले 52,300 रुपयांचे बिल 3 दिवसांत देय आहे." त्या बिलाची देय तारीख जाऊन चार दिवस झाले होते. लगेच खाली त्याच बिलाचा दुसरा मेसेज, "आपले बिल आज देय आहे." तिसरा मेसेज ज्या बिलाचा होता, त्याचे पैसे त्याने शुक्रवारीच पाठवले होते. पण कोणी बँकेच्या जमा टॅलीत घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी ते बिल थकलेलंच होतं.

त्याने मालकाला फोन केला. रागापेक्षा त्याच्या आवाजात दुखावलेपण जास्त होतं. वेळेवर पैसे देणारा माणूस होता तो. "पैसे भरूनही तगादा? आधी तुमचा हिशोब नीट करा, मग उरलेल्या बिलांचं बघू," असं म्हणाला आणि बाकीची तिन्ही बिलं त्याने तशीच ठेवली. दुपारपर्यंत असे आणखी फोन आले. शेवटी मालक स्वतः गाडी काढून चोपड्याला जाऊन आले.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तीन दिवस आधीच्या मेसेजचं खरं काम पैसे मागणं हे नसतंच. माल कमी आला, पाइप फुटला, बिल मिळालं नाही, या तक्रारी देय तारखेच्या आत वर याव्यात म्हणून तो असतो. तेव्हा गोडाऊनवाल्याला आठवत असतं आणि पावती हाताशी असते. तो मेसेज चुकला की तीच तक्रार पैसे मागायच्या दिवशी निघते, आणि तेव्हा ती पैसे न देण्याचं कारण होऊन बसते.

व्याजाचा हिशोब केला तर किती नुकसान? तेवढं सोसेन मी.

व्याज खरंच फार नाही, ते फुगवून सांगायची गरजही नाही. 42 लाखांतले अर्धे, म्हणजे 21 लाख, सरासरी दहा दिवस उशिरा आले आणि तुमच्या सीसी खात्याला 10 टक्के व्याज आहे असं धरलं, तर साधारण 5,750 रुपये होतात. तेवढ्यासाठी कोणी सण बिघडवणार नाही.

महाग पडतं ते दुसरीकडे. आपल्या दुकानाला पाइप कंपनी सात दिवसांत पैसे भरल्यास 2 टक्के रोख सूट देते असं समजा. 15 लाखांची उचल असेल, तर सूट 30,000 ची. आखाजीनंतर ठिबकचा आणि पाइपांचा खप वाढतो, म्हणजे उचल करायची वेळ तीच. येणी अडकली, सीसीची लिमिट भरलेली, म्हणून ती सूट गेली, तर व्याजाच्या पाचपट पैसा एका झटक्यात गेला. आणि तो कुठल्याच खात्यात नुकसान म्हणून दिसत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय सगळा माल 18 टक्क्यांचा धरला तर त्या 42 लाखांत सुमारे 6 लाख 40 हजार जीएसटीचे आहेत. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला तो कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावाच लागतो, दुकानदाराचे पैसे आलेले असोत वा नसोत. खरेदीवरचं क्रेडिट वजा जातं हे खरं, पण पैसे उशिरा आले तर उरलेली रक्कम तुमच्याच खिशातून गेलेली असते आणि दुकानदाराकडून यायची बाकी असते.

बँकेचंही बघा. बहुतेक बँका 90 दिवसांपेक्षा जुनी उधारी ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. जी बिलं आधीच 84-85 दिवसांवर रेंगाळत होती, त्यांना हा एक आठवडा ती रेघ ओलांडून देतो. महिनाअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तेवढी लिमिट कमी होते.

कायद्याने 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात ना? मग आठवण कशाला?

ती मुदत सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या येण्यांसाठी आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. पण ते संरक्षण उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला नाही. आणि ज्यांना ते लागू आहे तेही आपल्या वीस वर्षांच्या गिऱ्हाइकावर दावा लावत नाहीत.

मग सणाला काय करायचं? मधला मार्ग सांगा.

काम बंद करू नका, पाठवणं तेवढं रोखा, आणि तेही दोनच दिवस. आखाजी आणि तिचा आदला दिवस. काम रोजच्यासारखं चालतं, यादी बनवतं, पण मेसेज सोडत नाही. तिसऱ्या दिवशी 60 मेसेज जास्तीचे उरतात. म्हणजे 20 उत्तरं, 200 मिनिटं. रोजच्या 50 मोकळ्या मिनिटांत ते चार दिवसांत निघतं आणि कोणाला कळतही नाही.

त्या आठवड्यात देय होणाऱ्या बिलांची "तीन दिवस उरले" ही आठवण मात्र सणाच्या आधीच, एकदोन दिवस लवकर पाठवून द्या. सोबत आखाजीच्या शुभेच्छा लिहा. "आपले बिल सणानंतर देय होत आहे, माल किंवा बिलाबद्दल काही अडचण असल्यास कळवा," एवढं पुरतं. त्यात मागणं नाही, पण तक्रार असेल तर ती आताच वर येते.

आणि एखाद्याच्या घरी दुःखद घटना झाली असेल, कोणाची केळी वादळात झोपली असेल, तर त्या एका खात्यापुरतं थांबवा. गिऱ्हाइकाच्या नोंदीत `hold_until` असा तारखेचा रकाना ठेवला की पुरतं. एकासाठी सगळ्या 150 दुकानांची आठवण बंद करायची गरज नाही. तारीख मात्र टाकाच. तारखेशिवाय थांबवलेली खाती वर्षभर तशीच राहिलेली मी पाहिली आहेत.

बंद करून झालंय. आता चालू कसं करायचं?

आधी बँकेच्या सगळ्या जमा टॅलीत घ्या. हे होईपर्यंत एकही मेसेज सोडू नका. नाहीतर पैसे भरलेल्यांना तगादा जातो, आणि तो घाव सगळ्यात जास्त दिवस राहतो.

मग काम यादी काढण्यापुरतं चालवा. ज्या बिलांची देय तारीख उलटली आहे, त्यांच्या "तीन दिवस उरले" आणि "आज देय" या आठवणी रद्द करा. त्या आता खोट्या आहेत. एका दुकानदाराची चार बिलं असतील तर चार मेसेज न पाठवता एकाच मेसेजमध्ये चारही बिलांची यादी द्या. एवढ्यानेच 210 चा आकडा बराच खाली येतो.

उरलेल्यांतली सगळ्यात मोठी दहा बिलं बाजूला काढा आणि मालकाने स्वतः फोन करावा. बाकीचे मेसेज रोजच्या 30 बरोबर आणखी 15, एवढेच सोडा. ताईंच्या 150 मिनिटांत 15 उत्तरं बसतात, आणि 45 मेसेजांतून तितकीच येतात. त्याहून जास्त सोडलेत तर मेसेज जातील, पण उत्तरं अंगावर पडून राहतील. ज्याच्या तक्रारीला चार दिवस कोणी उत्तर दिलं नाही, तो पुढचे मेसेज वाचतच नाही. काही जण तर नंबर ब्लॉक करतात. असे ब्लॉक वाढले की व्हॉट्सॲपच्या लेखी तुमच्या नंबरची प्रत खालावते, त्याचा त्रास नंतर सगळ्याच मेसेजना होतो.

साचलेलं निघतंय की नाही, हे कसं ओळखू?

किती मेसेज गेले हे बघू नका, तो आकडा पहिल्या दिवसापासून छान दिसतो. दोन गोष्टी रोज संध्याकाळी विचारा. उत्तर न दिलेल्या चौकश्या किती, आणि त्यातली सगळ्यात जुनी किती दिवसांची? दुसरा आकडा रोज वाढत असेल तर तुम्ही जास्त सोडताय. तो दोन दिवसांच्या आत आला की पूर्ववत झालं समजा.

असं कधी होतं का, की बंद करणंच बरोबर?

हो, आणि तेव्हा एक मिनिटही थांबू नका. चुकीच्या रकमा जाऊ लागल्या, एकाचं बिल दुसऱ्याला गेलं, एकच मेसेज पुन्हापुन्हा जायला लागला, तर लगेच बंद करा आणि मग मला फोन करा. चुकीचा मेसेज न गेलेल्या मेसेजपेक्षा वाईट. महिन्याला दहा-पंधराच बिलं असणाऱ्यांनाही यातलं काही लागू नाही. त्यांनी खुशाल बंद ठेवावं, वहीत बघून फोन केले तरी भागतं.

आम्ही बंद केलंच नव्हतं, तरी पंधरा दिवस मेसेज गेले नव्हते. कळलं कसं नाही?

कारण न आलेल्या मेसेजची कोणी तक्रार करत नाही. रोज सकाळी काम संपल्यावर मालकाच्या फोनवर एक ओळ येऊ द्या, "आज 31 आठवणी गेल्या, 2 गेल्या नाहीत." ती ओळ साडेदहापर्यंत आली नाही, तर त्याच दिवशी विचारा.

परत चालू करायला कुठला वार बरा?

मंगळवार. शनिवार-रविवारी आलेले पैसे सोमवारी दिवसभरात टॅलीत घेऊन होतात. सोमवारी सकाळी चालू करू नका, मी केलं होतं.